मापांवरून मॉड्युलर किचनचं चित्र: मराठवाड्यातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

तुम्ही टेप धरून माप घेता, फोटो काढून पाठवता, आणि त्यावरून मी तुमच्या स्वयंपाकघराचं थ्रीडी चित्र करून देतो. नांदेड, लातूर, परभणी, बीड, जालना अशा ठिकाणांहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळ्या उत्तरांसाठी एकच उदाहरण घेतलं आहे. परभणीतलं एक रो-हाउस, नकाशावर दहा बाय आठचं स्वयंपाकघर, आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या दोघी: सासूबाई चार फूट अकरा इंच, सूनबाई पाच फूट तीन इंच. पुढची मापं मिलिमीटरमध्ये आहेत. इंचात हवं असेल तर 25.4 ने भागा.

बिल्डरच्या नकाशात 10 × 8 लिहिलंय. मग पुन्हा माप कशाला?

नकाशातलं माप बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतचं असतं. त्यावर दोन्ही बाजूंनी गिलावा चढतो, मग टाइल्स आणि त्यांच्या खालचा माल. आठ फूट म्हणजे 2438. परभणीच्या घरात टाइल्स बसल्यावर ती रुंदी 2380 भरली. लांबी मोजली तर जमिनीलगत 3035, ओट्याच्या उंचीवर 3020 आणि वर लॉफ्टपाशी 3028. भिंत कुठे पोटात येते, कुठे आत जाते, त्यामुळे हा फरक पडतो. कपाटं ओट्याखाली बसणार आहेत, म्हणून मी सगळ्यांत लहान माप, 3020, हेच खरं धरतो. 3035 धरून केलेलं चित्र दिसायला तसंच दिसेल, पण शेवटचं कपाट भिंतीत अडकेल.

माप लिहून पाठवताना काय सांभाळायचं?

'5.4' असं लिहू नका. पाच फूट चार इंच म्हणजे 1626, पण 5.4 फूट म्हणजे 1646. दोन सेंटिमीटरचा हा घोळ बसवतानाच कळतो. '8.10' तर आणखी वाईट: आठ फूट दहा इंच म्हणजे 2692 आणि 8.1 फूट म्हणजे 2469, म्हणजे जवळजवळ नऊ इंचांचा फरक. टेपच्या मिलिमीटरच्या बाजूने वाचा आणि टेपचा फोटो पाठवा. सुताराने सुतात सांगितलं तरी चालेल, एका इंचात आठ सूत. फक्त एका कागदावर दोन पद्धती मिसळू नका.

खिडकी, दरवाजा, नळाचा पॉइंट, ड्रेनेजचं भोक, स्विचबोर्ड या प्रत्येकाचं माप एकाच कोपऱ्यापासून घ्या. खिडकीपासून नळ, नळापासून बोर्ड अशी साखळी केली की प्रत्येक टप्प्याची छोटी चूक पुढच्या मापात जमा होत जाते.

कोपरा काटकोनात आहे की नाही, हे घरी कसं पाहायचं?

कोपऱ्यापासून एका भिंतीवर 600 वर आणि दुसऱ्या भिंतीवर 800 वर पेन्सिलची खूण करा. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर 1000 आलं तर कोपरा काटकोनात आहे. 1010 आलं तर कोपरा उघडा आहे, आणि ओट्याच्या दोन फूट खोलीत साधारण 12-13 मिलिमीटरची फट पडणार. ती फट ग्रॅनाइट कापणाऱ्याला आधी सांगितली तर तो दगड तिरपा कापतो. नाही सांगितली तर ती पांढऱ्या सिमेंटने भरली जाते आणि वर्षभरात काळी पडते. कॉम्प्युटरवरच्या खोलीचे कोपरे, आपण मुद्दाम बदलले नाहीत तर, नेमके नव्वद अंशांचेच असतात. म्हणून हे माप मला वेगळं लागतं.

ओट्याची उंची किती ठेवायची? सगळे 34 इंच म्हणतात.

34 इंच म्हणजे 864. ते कोणासाठी आणि कुठल्या कामासाठी, हे आधी ठरवायला हवं. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजा. घरात चप्पल घालून स्वयंपाक करत असाल तर मोजतानाही चप्पल घाला. चिरणं, निवडणं, मळणं यासाठी ओटा कोपराच्या खाली 10 ते 15 सेंटिमीटर असावा, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

आपल्याकडे यात एक मोठं काम वाढतं, ते म्हणजे ज्वारीची भाकरी. परातीत पीठ मळताना आणि भाकरी थापताना खांद्यातून वजन खाली यावं लागतं. त्यासाठी ओटा कोपराच्या खाली निदान 15 सेंटिमीटर हवा. ओटा उंच असेल तर खांदे वर उचलून थापावं लागतं आणि दहा-बारा भाकऱ्यांनंतर मान भरून येते. शिवाय गॅसची शेगडी ओट्यावर ठेवली की तव्याचा तळ आणखी 10-12 सेंटिमीटर वर जातो.

सिंकचं नेमकं उलटं आहे. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी असतात, आणि तो तळ ओट्यापेक्षा पंधरा-वीस सेंटिमीटर खाली असतो. म्हणजे सिंकचा भाग थोडा उंच हवा, नाहीतर कंबर वाकते.

परभणीच्या घरात सासूबाईंचं कोपर 940 वर आणि सूनबाईंचं 1000 वर. भाकऱ्या सासूबाई करतात, भांडी आणि बाकीचं बरंचसं सूनबाईंकडे. एकच उंची ठेवली असती तर दोघींपैकी एकीला रोज त्रास झाला असता. म्हणून गॅस आणि परातीचा भाग 790 वर घेतला, सिंकचा भाग 860 वर. भाकरीची जागा दुसऱ्या भिंतीवर खाली घेणं सोपं वाटतं, पण थापलेली भाकरी लगेच तव्यावर पडली पाहिजे. ओली भाकरी हातावर घेऊन चार पावलं चालायचं म्हणजे ती तुटणारच. त्यामुळे परात आणि तवा एकाच पातळीवर, शेजारी-शेजारी ठेवले.

मग चित्रात ओटा दोन पातळ्यांचा दिसेल. विचित्र नाही वाटणार?

दिसेल, आणि तो तसाच दाखवायला हवा. सलग ओळ दिसावी म्हणून चित्रात दोन्ही भाग 830 वर आणले तर ते तुमचं स्वयंपाकघर राहत नाही. 70 मिलिमीटरच्या या पायरीमुळे काय बदलतं, तेही चित्रात यावं लागतं: खालच्या शटरची वरची कड तिथे तुटते, डॅडोच्या टाइल्सचा सांधा बदलतो, आणि सिंककडचं पाणी खाली परातीकडे येऊ नये म्हणून पायरीच्या काठावर ग्रॅनाइटची उभी पट्टी लावावी लागते. हे पाहून तुम्हाला पायरी नको वाटली तर निर्णय तुमचा. पण तो खरं चित्र पाहून घेतलेला असेल.

उंची कुठून मोजली, हेही विचारा. बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या फरशीला जाळीकडे उतार असतो. तीन मीटरमध्ये 15-20 मिलिमीटर सहज पडतात. गवंडी पाणी भरलेली लेव्हलची नळी घेऊन भिंतीवर रेघ मारतो, त्या रेघेपासून खाली फरशीपर्यंत दोन्ही टोकांना माप घ्या. 790 हे गॅससमोर उभं राहण्याच्या जागी 790 असलं पाहिजे.

दुसऱ्या एका चित्रात याच भिंतीवर सहाशेची पाच कपाटं बसवलेली दाखवली होती. तुमच्या चित्रात कमी का?

पाच सहाशे म्हणजे 3000, आणि भिंत 3020. बेरीज जुळते, म्हणून चित्र खरं वाटतं. पण हा एल आकाराचा ओटा आहे. डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या भिंतीवरची कपाटं पुढे येतात: 560 खोलीचा कपाटाचा डबा आणि 20 चं शटर मिळून 580. त्याला लागून लगेच ट्रॉली ठेवली तर ती उघडताना शेजारच्या हँडलला अडते, म्हणून मध्ये 50 ची बंद पट्टी लागते, तिला फिलर म्हणतात. म्हणजे कोपऱ्यातले 630 गेले. तिथे दिसणारं शटर हे उघडता न येणारं शटर आहे.

उरलेली ओळ अशी बसली. कोपऱ्यानंतर 450 सिलिंडरसाठी, मग 900 च्या ट्रॉल्या आणि त्यांच्या वर गॅस, मग 400 चं कपाट आणि त्याच्या वर परातीची जागा, इथे पायरी, मग 600 सिंकखाली, आणि उजव्या भिंतीशी 40 चा फिलर. 630, 450, 900, 400, 600 आणि 40 यांची बेरीज 3020. शेवटचा फिलर शोभेचा नाही. भिंत वाकडी असते, आणि सुतार तो जागेवर रंधून भिंतीच्या रेषेला जुळवतो. तो ठेवलाच नाही तर शटर भिंतीला घासतं.

कुठल्याही चित्राची तपासणी तुम्ही स्वतः अशीच करू शकता. समोरून काढलेलं सपाट चित्र मागा, प्रत्येक कपाटाची रुंदी लिहायला सांगा आणि बेरीज करा. बेरीज नेमकी भिंतीएवढी यायला हवी, आणि कोपरा व फिलर त्यात वेगळे दिसायला हवेत. बेरीज द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर ती कपाटं मापावरून बसवलेली नाहीत, चित्रात जागा भरायला ताणलेली आहेत.

गॅस आणि सिंक यांच्यात किती जागा हवी?

आमच्या उदाहरणात गॅसचा मध्य आणि सिंकचा मध्य यांत 1150 आहेत. ऐकायला भरपूर. पण 650 रुंदीच्या शेगडीचा उजवा अर्धा भाग त्यातून वजा करा, आणि पायरीपर्यंतच मोजा. मग परातीसाठी मोकळे उरतात 525. परात 450 ची असली तर ती बसते आणि बाजूला पाण्याची वाटी राहते. पिठाचा डबा मागे भिंतीशी. याच्यापेक्षा एक इंच जरी कमी असतं तर मी सिंक आणखी सरकवण्याचा आग्रह धरला असता.

चित्रात नेहमी मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर सांगितलं जातं, कारण ते मोठं दिसतं. तुम्ही मोकळा दगड किती उरतो ते विचारा.

फ्रिज, सिंक आणि गॅस यांचा त्रिकोण तुम्ही ऐकला असेल. प्रत्येक बाजू चार ते नऊ फूट असावी, असा त्याचा नियम आहे. नियम वाईट नाही, पण हे अंतर चालण्याच्या वाटेने मोजायचं असतं. कॉम्प्युटरवर रेघ मारली की ती ओट्याच्या कोपऱ्यातून, भिंतीतूनसुद्धा आरपार जाते आणि आकडा छान येतो.

समोरच्या भिंतीला फ्रिज ठेवला तर फिरायला जागा राहील?

2380 मधून ओट्याचे 620 गेले की 1760 राहतात. फ्रिजची खोली पुस्तिकेत लिहिलेली धरू नका. मागे हवेसाठी जागा आणि पुढे हँडल मिळून तो साधारण 740 घेतो. राहिले 1020. दोन बायका पाठीला पाठ लावून कशाबशा जातील. पण फ्रिजचं दार उघडलं की ते आणखी 600 पुढे येतं, आणि उरतात 420. तेवढ्यात तापलेल्या तव्यासमोर कोणी उभं राहू नये. म्हणून फ्रिज गॅसच्या समोर न ठेवता सिंकच्या टोकाच्या समोर सरकवला.

मी चित्रात दार आणि ट्रॉल्या उघड्या ठेवूनही एक दृश्य देतो. बंद कपाटांच्या चित्रात प्रत्येक स्वयंपाकघर मोठं वाटतं.

चित्रात किचन ऐसपैस दिसतं, प्रत्यक्षात अरुंद निघतं. असं का होतं?

मापं बरोबर असूनही चित्र फसवू शकतं, आणि ते कॅमेऱ्यामुळे. कॉम्प्युटरवर पाठीमागची भिंत लपवून कॅमेरा पार हॉलमध्ये नेता येतो. तिथून पूर्ण ओटा दिसतो, पण तिथून तुम्ही कधीच पाहणार नाही. दुसरी पद्धत म्हणजे कॅमेरा खोलीतच ठेवून त्याचा कोन वाढवणं.

परभणीच्या खोलीत समोरच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहिलं तर डोळे गॅसच्या भिंतीपासून सुमारे 2230 वर येतात. तिथून ती 3020 ची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एका चौकटीत यायला आडवा कोन 68 अंशांचा लागतो, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या हिशेबात साधारण 27 मिलिमीटरची लेन्स. एवढं चालेल. पण ओट्याची पुढची कडही दोन्ही टोकांसकट दिसावी म्हटलं, तर ती डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे 86 अंश लागतात, म्हणजे 19 मिलिमीटरची लेन्स. अशा लेन्सने कडेच्या वस्तू बाहेर ताणल्या जातात आणि मधली जमीन लांबच लांब दिसते.

ओळखायची खूण सोपी आहे. चित्राच्या कडेला असलेल्या गोल वस्तूकडे बघा. घागर किंवा डबा लांबट दिसत असेल तर कोन फार मोठा आहे. ब्लेंडरमध्ये `Focal Length` आणि स्केचअपमध्ये `Field of View` या ठिकाणी तो आकडा असतो, करणाऱ्याला विचारायला संकोच करू नका. मी मुख्य चित्रासाठी कॅमेरा खोलीच्या आत आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो, सूनबाईंसाठी जमिनीपासून 1490 वर. भिंत लपवून काढलेलं दृश्य वेगळं देतो आणि त्यावर तसं लिहितो.

चिमणी आणि वरची कपाटं एका रेषेत का नाहीत? चित्रात बरं दिसलं असतं.

कारण चिमणी शेगडीपासून मोजायची असते. बहुतेक कंपन्या 650 ते 750 चं अंतर सांगतात, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतलं पाळा. इथे बर्नर 790 आणि 120 मिळून 910 वर आहे. त्यावर 700 घेतले की चिमणीची खालची कड 1610 वर येते. बाजूची कपाटं मात्र हात पोहोचावा म्हणून 1410 वर सुरू होतात. चिमणी त्यांच्या रेषेत आणली तर बर्नरपासून फक्त 500 उरतात. उंच पातेलं ठेवलं की डोकं चिमणीला लागेल, आणि फोडणीची झळ तिच्या जाळीपर्यंत जाईल.

सिलिंडर कपाटात दाखवलाय. खरंच बसेल?

घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर दोन फुटांहून थोडा उंच असतो आणि वर रेग्युलेटर. 790 च्या ओट्याखाली, तळाला फळी न टाकता, तो थेट फरशीवर बसतो आणि रेग्युलेटर फिरवायला हातही जातो. तळाला फळी आणि पाय आले की ही जागा संपते. पण डाउनलोड केलेलं सिलिंडरचं मॉडेल दाबून कुठल्याही कपाटात बसवता येतं, म्हणून चित्र करणाऱ्याला सिलिंडरची उंची विचारा. शटरला खालच्या बाजूला जाळी हवीच. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळाशी साचतो.

आमचा जुना कडप्प्याचा ओटा तोडायचा नाही. फक्त ट्रॉल्या बसवायच्या आहेत.

हे मराठवाड्यात फार होतं आणि त्यात काही गैर नाही. उभ्या कडप्प्यांमधली प्रत्येक खिडकी पुढे, मागे, वर आणि खाली अशी चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत लहान माप द्या. त्यातून दोन्ही बाजूंच्या बॉल-बेअरिंग चॅनेलसाठी मिळून 26 मिलिमीटर जातात. 560 ची खिडकी असेल तर ट्रॉली 534 च्या वर जाऊच शकत नाही, आणि दगड उभा सरळ नसेल तर आणखी कमी. उंची इथे बदलता येत नाही, ती जुनीच राहणार. चित्रातही जुनीच दाखवली जाईल.

पाण्याचं पिंप आणि ज्वारीची कोठी चित्रात का टाकता? ते दाखवायचं नव्हतं.

कारण ते घरात असणार आहेत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं अशी आपल्याकडची कितीतरी गावं आहेत. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पिण्याच्या पाण्याचं पिंप दोन फूट जागा घेतं आणि त्याच्यासमोर वाकायला आणखी दोन फूट. चित्रातून ते काढलं तर ती जागा कुठल्यातरी कपाटाला दिली जाते, आणि मग पिंप वाटेत येऊन बसतं. परभणीच्या घरात दुसऱ्या भिंतीच्या टोकाला ओट्याखालची 600 रुंदीची जागा शटर न लावता मोकळी सोडली आहे.

रंग चित्रात दिसतो तसाच येईल?

नाही. मोबाइलची स्क्रीन आणि तुमचा ट्यूबलाइट दोन्ही रंग बदलतात. लॅमिनेटचा तुकडा मागवून स्वयंपाकघरात संध्याकाळी बघा.

हे चित्र सुताराला दिलं तर तो काम सुरू करू शकतो का?

फक्त चित्रावर नाही. त्याच्यासोबत वरून काढलेला नकाशा आणि प्रत्येक भिंतीचं मापं लिहिलेलं सपाट चित्र लागतं. टाइल्स बसण्याआधी मापं दिली असतील तर टाइल्सनंतर सुताराने ती पुन्हा घ्यायलाच हवीत. आणि ग्रॅनाइट कपाटं जागेवर बसल्यावर मोजून कापायचं. चित्रातल्या 620 मध्ये डबा, शटर आणि दगडाची पुढे आलेली कड सगळं धरलेलं आहे. पण डबा भिंतीपासून किती सरकवावा लागला, हे फक्त जागेवर कळतं. तो 10 मिलिमीटर पुढे आला तर दगडही तेवढाच खोल हवा, नाहीतर सिंकवरून ओघळणारं पाणी थेट शटरवर पडेल.